ट्रॉलीच्या जॅकचं ग्लँड आणि दहा कार्डं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी बरीच वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला खालून उचलणारा हायड्रॉलिक जॅक आम्ही बनवायचो. खानापूर, चिकोडी, निपाणी, पलीकडे कागल, गडहिंग्लज, सगळीकडे ऊस आणि मुरूम वाहणाऱ्या ट्रॉल्यांखाली तो दिसतो. एक दिवस सकाळी दहा वाजता असेंब्ली थांबली. असेंब्लीतले मामा हात पुसत आले आणि म्हणाले, "ऐंशीचं ग्लँड संपलं की ओ. आता काय करायचं सांगा."

ग्लँड म्हणजे जॅकच्या तोंडाशी बसणारा, बिडाचा टर्निंग केलेला भाग. रॉड त्याच्यातून आत-बाहेर होतो आणि सील त्याच्या खाचेत बसतात. ते नसेल तर जॅक बंदच करता येत नाही. मी स्टोअरमध्ये गेलो आणि मोजायला लावलं. ग्लँड एकूण ३४० निघाली. त्यात साठ, सत्तर आणि शंभर एमएम बोअरची, म्हणजे जॅकच्या नळीच्या तेवढ्या आतल्या व्यासाची, भरपूर होती. ऐंशीचं एकही नव्हतं, आणि रोजच्या २४ जॅकमध्ये लागत होतं नेमकं तेच.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवरच्या मुलाचा यात दोष नव्हता. त्याच्याकडे शंभरचं सेटिंग लागलेलं होतं, कास्टिंग समोर होतं, म्हणून तो बनवत राहिला. महिन्याच्या सुरुवातीला आम्ही एक कागद काढायचो, अमुक इतकी साठची, तमुक इतकी ऐंशीची. आठवडाभरात तो कागद जुना व्हायचा, कारण गिऱ्हाईक फोन करून साइज बदलायचं. बनवणाऱ्याला कागद दिसत होता आणि वापरणाऱ्याला रॅक दिसत होतं. दोघांमध्ये निरोप पोचवायला माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि मी दिवसभर फोनवर.

कानबान कार्ड हा तो निरोप आहे. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा साधा अर्थ फलक किंवा पाटी. टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ताइइची ओनो यांनी १९५३ च्या सुमारास ही पद्धत बसवायला घेतली. कल्पना त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली होती. तिथे फळीवरून गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच दुकानदार परत भरतो. ओनोंच्या डोक्यात आलं की पुढचं खातं हे मागच्या खात्याचं गिऱ्हाईक आहे. त्याने जेवढं उचललं तेवढंच मागच्याने बनवावं.

घरच्या गॅसचं उदाहरण घ्या. दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा जोडतो आणि त्याच दिवशी नंबर लावतो. महिन्याला किती गॅस लागणार याचा हिशेब कुणी घरात मांडत नाही. रिकामा सिलिंडर हीच मागणी असते. दुसरा पुरेल त्याच्या आत पहिला भरून यायला हवा, एवढीच अट. सणासुदीला गाडी उशिरा येत असेल तर दोन पुरत नाहीत, तिसरा लागतो. कानबानचा सगळा हिशेब या तिसऱ्या सिलिंडरच्या प्रश्नात आहे: भरून यायला किती वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपण किती वापरतो, आणि एका डब्यात किती मावतं.

कार्डाचा प्रवास

आम्ही फक्त ऐंशीच्या ग्लँडपासून सुरुवात केली. सगळ्या कारखान्यात एकदम कार्डं लावणारे मी पाहिलेत. महिन्याभरात ती कार्डं ड्रॉवरमध्ये जातात. एकच भाग घ्यावा, तो रोज लागणारा असावा आणि त्याच्यामुळे खरंच काम अडत असावं.

आधी ट्रे ठरवला. एक ग्लँड साधारण दोन किलोचं. एका ट्रेमध्ये आठ ठेवली तर सोळा किलो होतात, एक माणूस कंबर न मोडता उचलू शकतो. ट्रेच्या तळाला आठ खाचांची लाकडी जाळी बसवली. आता मोजायची गरज उरली नाही. खाच रिकामी म्हणजे नग कमी. ही जाळी क्षुल्लक वाटते, पण ट्रेमध्ये कधी सात, कधी दहा असले की पुढचा सगळा हिशेब पाण्यात जातो.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं. त्यावर ग्लँडचा फोटो मोठा, मग ड्रॉइंग नंबर, "एका ट्रेमध्ये ८", कुठून येतं ते सीएनसी २, कुठे जातं ते असेंब्लीचं रॅक आणि त्यातला कप्पा. नाव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहिलं, कारण आमच्याकडे एका मशीनवर येळ्ळूरचा माणूस तर शेजारच्या मशीनवर बैलहोंगलचा. खाली कोपऱ्यात क्रमांक: १० पैकी १, १० पैकी २, असं शेवटपर्यंत. या कोपऱ्यातल्या क्रमांकाने आम्हाला पुढे फार वाचवलं, त्याबद्दल नंतर सांगतो.

आता चक्र बघा. रॅकवरच्या प्रत्येक भरलेल्या ट्रेला एक कार्ड अडकवलेलं असतं. असेंब्लीवाला नवा ट्रे ओढतो आणि त्यातलं पहिलं ग्लँड उचलण्याआधी कार्ड काढून शेजारच्या लाल पेटीत टाकतो. हेल्पर सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी संपताना पेटी उघडतो आणि कार्डं सीएनसीजवळच्या बोर्डावर खिळ्यांना लावतो. सीएनसीवाला बोर्डावरची कार्डं घेऊन तेवढेच ट्रे भरतो. बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कूस, काढून, धुऊन, तपासून झालेल्या ट्रेला तेच कार्ड परत लागतं आणि ट्रे रॅकवर जातो. बोर्डावर कार्ड नसेल तर ग्लँड बनवायचं नाही, कच्चा माल समोर असला तरी.

मोठ्या कारखान्यांत दोन प्रकारची कार्डं असतात, एक माल नेण्याचं आणि एक माल बनवण्याचं. तिथे बनवणारं खातं आणि वापरणारं खातं लांब असतं, मध्ये ट्रॉली किंवा फोर्कलिफ्ट असते. आमच्या शेडमध्ये सीएनसीपासून असेंब्ली तीस पावलांवर. एका कार्डात भागतं.

दहाच कार्डं का

इथे बहुतेक जण अंदाजाने आकडा टाकतात, आणि इथेच पद्धत बसते किंवा मोडते. हिशेब असा आहे: रोजची गरज गुणिले माल परत भरून यायला लागणारे दिवस, त्यात थोडी सुरक्षेची भर, आणि या सगळ्याला ट्रेमधल्या नगांनी भागायचं.

रोजची गरज २४, हे सोपं. अवघड आहेत ते दिवस. मी आमच्या सीएनसीवाल्याला विचारलं, "ट्रे भरायला किती वेळ?" तो म्हणाला, "एका ग्लँडला बारा मिनिटं, आठाला शहाण्णव मिनिटं. दीड तास धरा." त्याचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकीचा होता. आपल्याला मशीनचा वेळ नको, कार्डाचा वेळ हवा. कार्ड ट्रेवरून निघालं त्या क्षणापासून तेच कार्ड भरलेल्या ट्रेबरोबर रॅकवर परत येईपर्यंतचा. तो मोजायला मी एका कार्डाच्या पाठीमागे कागद चिकटवला आणि प्रत्येक ठिकाणी वेळ लिहायला सांगितला. आठवडाभरात चित्र स्पष्ट झालं.

पेटीत पडून राहण्यात कार्डाचा वाईटात वाईट अर्धा दिवस जायचा. बोर्डावर साधारण एक दिवस, कारण त्याच मशीनवर पिस्टनही होतात आणि एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला पाऊण तास सेटिंगला लागतो. आठ नगांसाठी पाऊण तास सेटिंग कोणी करणार नाही, म्हणून आम्ही तीन कार्डं जमल्यावर मशीन लावायचं असं ठरवलं होतं. तीन ट्रे म्हणजे २४ ग्लँड. सेटिंगसह सुमारे साडेपाच तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचा पाऊण दिवस झाला असं धरू. बर काढणं, धुणं, तपासणं आणि रॅकवर नेणं यात आणखी पाव दिवस. बेरीज अडीच दिवस. त्यातला प्रत्यक्ष कटिंगचा वेळ निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. बाकी सगळं थांबणं.

अडीच दिवसांत लागतात ६० ग्लँड. सुरक्षेसाठी त्याचा पाव भाग, १५, वर धरला, कारण आमच्याकडे वीज जाते, टूलचं कापणारं टोक म्हणजे इन्सर्ट तुटतं, माणूस गावच्या यात्रेला जातो. झाले ७५. आठाने भागले की साडेनऊच्या थोडं आत, म्हणून दहा कार्डं. अपूर्णांक आला की वरचा पूर्ण आकडा घ्यायचा.

दहा कार्डं म्हणजे कार्ड लावलेला माल जास्तीत जास्त ८० नग. असेंब्लीत उघडलेल्या ट्रेमधले सात धरले तर ८७. यापेक्षा जास्त ऐंशीची ग्लँड शेडमध्ये असूच शकत नाहीत, कारण त्यांना लावायला कार्डच नाही. माल किती साठणार हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. पूर्वी ते मशीन कोणावर लागलंय त्यावर ठरायचं.

बोर्डावर ऐंशीच्या ग्लँडसाठी दहा खिळे एका खाली एक मारले आणि मागची पट्टी तीन रंगांत रंगवली. कार्डं खालून वर लावत जायची. खालचे दोन खिळे हिरव्यावर: अजून मशीन लावू नका. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पिवळं: आता या जॉबचं सेटिंग करता येतं, हातातलं काम संपलं की घ्या. सातव्या खिळ्यापासून लाल. सातवं कार्ड लागलं याचा अर्थ रॅकवर फार तर तीन ट्रे, म्हणजे एका दिवसाचा माल उरला. आणि सेटिंगपासून रॅकपर्यंत एक दिवस लागतोच. त्यामुळे लाल पट्टीवर कार्ड लागलं की सीएनसीवाल्याने पिस्टन तिथेच थांबवून ग्लँड लावायचं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. हा निर्णय माझ्या हातून सुटून बोर्डाकडे गेला, आणि खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा दुपारचा डबा सलग बसून खाता आला.

कुठे बिघडतं

पहिल्या तीन आठवड्यांत दोनदा असेंब्ली परत थांबली. हिशेब तोच होता, कार्डं तीच. मग बिघडलं कुठे?

एक कारण बघायला मी असेंब्लीत तासभर उभा राहिलो. मामा ट्रे ओढायचे, आठही ग्लँड वापरायचे आणि रिकामा ट्रे बाजूला ठेवताना कार्ड पेटीत टाकायचे. त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. संपलं की सांगायचं, ही जुनी शिस्त. पण एक ट्रे संपायला दिवसाचा तिसरा भाग लागतो. तेवढा उशीर प्रत्येक कार्डाला झाला. त्या जादा वेळात आठ नग लागतात. आमच्याकडे ८० वजा ६०, म्हणजे २० नगांची उशी होती, ती बारावर आली. कार्ड पहिल्या नगाला काढायचं, शेवटच्या नाही, हे मी नुसतं सांगून भागलं नाही. शेवटी कार्ड ट्रेच्या तोंडावर आडवं अडकवायला लागलो. ते काढल्याशिवाय हात आत जातच नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न संपला.

दुसरं कारण जास्त लपलेलं होतं. एक कार्ड हरवलं. कार्ड हरवतं तेव्हा काही आवाज होत नाही. आठ ग्लँड बनतच नाहीत, आणि बनली नाहीत हे कुणाला कळत नाही, कारण बोर्डावर सगळं ठीक दिसतं. हरवलेल्या एका कार्डाने उशी पुन्हा आठने कमी होते. उशिरा निघणारं कार्ड आणि हरवलेलं कार्ड, दोन्ही एकत्र आले की २० मधले चार उरतात. मग दीड तास वीज गेली तरी असेंब्ली उभी. वीज जाणं सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे विजेला दोष देतात.

म्हणून आठवड्यातून एकदा, पाळी सुरू होण्याआधी, कार्डं मोजायची. रॅकवरची, पेटीतली, बोर्डावरची, मशीनजवळची आणि धुण्याच्या टाकीजवळची. बेरीज दहाच यायला हवी. इथे तो कोपऱ्यातला क्रमांक कामाला येतो. नऊ भरली तर नुसतं "एक कमी" एवढंच कळत नाही, सातवं कमी आहे हे कळतं. आमचं सातवं कार्ड कामावरच्या शर्टाच्या खिशातून घरी जाऊन धुवून आलं होतं. पुन्हा नवं छापण्याआधी जुनं शोधावं, कारण नंतर जुनंही सापडलं की अकरा होतात आणि मालाची ठरलेली मर्यादा वर सरकते. नवं काढावंच लागलं तर त्या क्रमांकापुढे एक खूण करायची आणि जुनं सापडताच फाडायचं.

तिसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची आहे. एका दुपारी बोर्डावर एकच कार्ड होतं, मशीन थांबलेलं. सीएनसीवाला मला म्हणाला, "साहेब, मशीन रिकामं ठेवू काय? मालक बघतील." त्याची भीती खरी होती. आपल्याकडे थांबलेलं मशीन म्हणजे वाया जाणारा पैसा असंच शिकवलेलं असतं. मी त्याला त्या वेळात मशीनवर नग पकडणारे जॉ साफ करायला, पिस्टनची टूल्स लावून ठेवायला आणि इन्सर्ट मोजायला सांगितलं. मालकांनाही तेच समजावलं: कार्डाशिवाय बनलेली २४ ग्लँड म्हणजे सुमारे ५० किलो बीड, त्याचे पैसे फाउंड्रीला दिलेले, आणि ते पैसे रॅकवर पडून राहणार. मालक पटकन मानले नाहीत. त्यांना पटलं ते स्टोअरमधल्या शंभरच्या ग्लँडवर चढलेला गंज बघून.

या चुकीची खूण ओळखायला सोपी आहे. शेडमधून चालत जा. कार्ड नसलेला भरलेला ट्रे दिसला तर कोणीतरी परवानगीशिवाय बनवलं आहे, किंवा कार्ड पडलं आहे. दोन्हींचा शोध त्याच दिवशी घ्यायचा.

बिडाच्या कास्टिंगमध्ये टर्निंग करताना कधीकधी ब्लो होल उघडं पडतं. बाहेरून चांगला दिसणारा जॉब खाचेत भोकाचा निघतो आणि सील तिथे कापला जातो. ट्रेमध्ये आठऐवजी सहा चांगले आले तर कार्ड लावायचं नाही. आणखी दोन कास्टिंग घेऊन ट्रे पूर्ण करायचा, मगच कार्ड. "सहाच आहेत, चालतंय की" म्हटलं की कार्ड खोटं बोलायला लागतं. आठ म्हणून सहा पोचतात, आणि जो ओढतो त्याला ते सातव्या जॅकला कळतं. खराब जॉब लाल ट्रेमध्ये वेगळे ठेवून आठवड्याला फाउंड्रीवाल्यांना दाखवायचे.

फाउंड्रीकडून येणाऱ्या कच्च्या कास्टिंगला आम्ही नंतर वेगळी कार्डं केली. ती मोठी, एका क्रेटला एक, क्रेटमध्ये २४. तिथे हिशेब तोच, पण वेळ वेगळी. टेम्पो आठवड्यातून एकदा यायचा. आज निघालेलं कार्ड आठवडाभर टेम्पोची वाट बघतं आणि माल घेऊन पुढच्या खेपेला परततं, म्हणजे दोन आठवडे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर १२ दिवसांचे २८८ नग, पाव भाग सुरक्षा ७२, एकूण ३६०, म्हणजे पंधरा क्रेट. ही रास घरातल्या ८० पुढे डोळ्यांत भरते. कार्डाचा फोटो रोज व्हॉट्सअॅपवर पाठवून फाउंड्रीला आधी कळवलं, तरी टेम्पो एकदाच येणार असेल तर निदान आठवड्याची रास राहतेच. टेम्पो आठवड्यातून दोनदा आणायला दुसऱ्या कारखान्याबरोबर भाडं वाटून घेतलं, तेव्हा पाच क्रेट कमी करता आले.

हंगाम, आणि जिथे कार्ड लावू नये

दहा हा आकडा २४ जॅकचा आहे. आमच्याकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने ट्रॉलीवाल्यांची झुंबड असते. मागणी रोज ३२ वर जायची. दहा कार्डांनी तेव्हा चालवायला गेलो तर बोर्ड सतत लाल राहतो. लाल रोजच दिसलं की लालचा अर्थ जातो. ३२ गुणिले अडीच म्हणजे ८०, सुरक्षा २०, एकूण १००. आठाने भागून साडेबारा, म्हणून तेरा. तीन जादा कार्डं आम्ही केशरी रंगाची काढली आणि त्यांच्यावर परत घेण्याची तारीख लिहिली. ही तारीख महत्त्वाची. कार्ड वाढवायला सगळे तयार असतात, कमी करायची आठवण कुणाला राहत नाही. तारीख उलटून गेल्यावर केशरी कार्ड पेटीत आलं की हेल्पर ते बोर्डावर न लावता माझ्या टेबलावर ठेवायचा. मुद्दाम ट्रे रिकामे करायची गरज नाही, माल आपोआप उतरतो.

मागणी पाचदहा टक्क्यांनी वरखाली झाली तर कार्डांना हात लावू नये, त्यासाठीच सुरक्षेचा भाग आहे. पण एका आठवड्यात ५० आणि पुढच्या आठवड्यात २०० अशी मागणी असेल तर कानबान तिथे टिकत नाही. वर्षातून दोनदा एखादा गिऱ्हाईक दीडशे एमएमचा जॅक मागतो. त्याच्या ग्लँडला आम्ही कार्ड कधीच केलं नाही. ऑर्डर आली की तेवढंच बनवायचं. साठ आणि शंभरचीही नीट चौकशी केली. साठचं आठवड्यातून चारपाच दिवस लागायचं, त्याला चार कार्डं केली. शंभरचं महिन्यात एकदोनदा, त्याला कार्ड नाही. स्टोअरमध्ये पडलेली शंभरची सगळी आधी संपवली.

बोल्ट, वॉशर, ग्रीस निपल अशा किरकोळ वस्तूंना हा एवढा हिशेब करण्यात अर्थ नाही. त्यांना दोन डबे. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा, आणि रिकामा डबा स्टोअरच्या खिडकीवर नेऊन ठेवायचा. तो डबाच कार्ड. एका डब्यात पंधरवड्याचे बोल्ट असले तरी पैसा फार अडकत नाही.

कार्ड काढून घेणं

दोन महिने सुरळीत गेल्यावर मी रोज सकाळी आठ वाजता रॅकवरचे भरलेले ऐंशीचे ट्रे मोजून भिंतीवर लिहायला लागलो. पंधरा दिवसांत सगळ्यात कमी आकडा तीन होता. तीन ट्रे, म्हणजे पूर्ण एक दिवस, कुणीच न वापरता उभे राहिले होते. मी एक कार्ड काढून घेतलं. दहाची नऊ झाली.

चार दिवसांनी बोर्ड लालवर गेला. सगळे म्हणाले, परत द्या ते कार्ड. मी थांबलो आणि कार्डं कुठे अडकलीत ते बघितलं. रॅकवर एकही भरलेला ट्रे नाही, बोर्डावर सात, आणि धुण्याच्या टाकीजवळ दोन ट्रे तयार होऊन पडलेले. धुणारा दिवसातून एकदाच, दुपारी चारला, सगळं एकत्र धुवायचा, कारण टाकीतलं पाणी गरम करायला वेळ जातो. दहा कार्डं असताना हे थांबणं त्या जादा ट्रेमागे झाकलेलं होतं. आम्ही हीटर सकाळी आठलाच लावायला सुरुवात केली. तीन ट्रे पूर्ण व्हायची वाट न बघता पहिला ट्रे भरला की लगेच धुवायला जाऊ लागला. मशीनवर सेटिंग झाल्यापासून पहिला ट्रे आता त्याच पाळीत रॅकवर यायचा.

नऊ कार्डांवर भिंतीवरचा सगळ्यात कमी आकडा दोनवर स्थिरावला. मग आम्ही सेटिंगच्या पाऊण तासाकडे वळलो. ग्लँडचे जॉ आधीच बोअर करून, नाव घालून ठेवले. टूल्स पिस्टन चालू असतानाच ट्रॉलीवर मांडली. सेटिंग २० मिनिटांवर आलं, आणि तीनऐवजी दोन कार्डं जमली तरी मशीन लावणं परवडायला लागलं. त्यानंतर आठवं आणि नववं अशी दोन कार्डं मी अजून काढणार होतो. आठवडाभर एकच काढलं, आकडा बघितला, तो एकवर आला होता. तिथे थांबलो. आमच्या शेडला, आमच्या विजेला आणि आमच्या कास्टिंगला ऐंशीच्या ग्लँडची आठ कार्डं लागत होती.